गोंड्यांच्या माळेची गाठ

माझ्या कपाटात पुठ्ठ्याच्या चकत्यांचा एक डबा आहे. साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून केलेल्या या चकत्या जोडीजोडीने ठेवलेल्या आहेत आणि प्रत्येक जोडीच्या मध्यभागी सारखेच भोक आहे. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मी हस्तकला शिकवत असे. शाळा सुटली, तशी फळ्याची आणि खडूची सवयही सुटली. हा डबा मात्र घरी आला. त्यात उरलेल्या लोकरीचे गुंडेही असतात. लोकर म्हणायची एवढेच. ते सगळे अ‍ॅक्रिलिकचे धागे. सुरतेत खरी लोकर घालण्याइतकी थंडी पडते कुठे? भाचरांसाठी विणलेल्या टोप्यांतून जे उरते, ते गोळा होत राहते.

गेल्या श्रावणाच्या आधी समोरच्या घरातली वहिनी दुपारी दारात उभी राहिली. तिच्या काखेत चिंध्यांचे गाठोडे होते. आम्ही लिंबायतच्या एकाच गल्लीत समोरासमोर राहतो. ती साड्यांचे सुटे धागे कापण्याचे काम घरी आणते, त्यामुळे काठांचे, जॉर्जेटचे आणि चमकीच्या कापडाचे तुकडे तिच्याकडे नेहमीच साठतात.

“बाई, तुम्ही शाळेत मुलांकडून गोंड्यांच्या माळा करून घ्यायच्या ना? मला शिकवा,” ती म्हणाली.

“बस आधी. कशासाठी हव्यात?”

“यंदा आमची कानबाई इथं बसणार आहे.”

खानदेशातल्या घरांना याचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. ज्यांना ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते. नारळाला नथ आणि डोळे लावून देवीचे रूप देतात, तिला चौरंगावर बसवतात, भाऊबंद एकत्र येऊन नैवेद्याचे गव्हाचे रोट करतात आणि सोमवारी तिला निरोप देतात. वहिनीच्या सासरची कानबाई दरवर्षी गावी, थोरल्या दिराच्या घरी बसत असे. यंदा गावच्या घराचे छप्पर उतरवले होते. म्हणून भावांनी ठरवले की देवी सुरतेला बसवायची.

“मोठ्या जाऊबाई फोनवर काय म्हणाल्या, सांगू?” वहिनीने गाठोडे सोडता सोडता विचारले. “म्हणाल्या, ‘तुले काय कष्ट? सुरतमा सगळं विकत मियस.’ वीस वर्षं मी गावी जाऊन त्यांच्या हाताखाली रोट थापले. आता माझ्या घरी देवी येणार, तर मखराला एकही विकतची गोष्ट लावायची नाही. माळ मी करणार.”

तिला काय हवे होते ते या वाक्यांत सगळे आले. थोरल्या जावेने दारात येऊन मखराकडे पाहावे आणि तिला बोलायला जागा राहू नये. मला त्यात थोडा विद्यार्थ्याचा हट्ट दिसला. हट्टी विद्यार्थी शिकवायला मला नेहमीच आवडले आहेत.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिच्या घरी बसू लागलो. पद्धत मी पहिल्या इयत्तेला सांगावी तशी सांगितली. दोन चकत्या एकावर एक ठेवायच्या. लोकर मधल्या भोकातून घालून बाहेरच्या कडेवरून परत आणायची आणि असे वेढे देत भोक जवळजवळ भरेपर्यंत गुंडाळत राहायचे. वेढे कमी दिले तर गोंडा रोडका होतो आणि ती चूक मागाहून कात्रीने झाकता येत नाही. मग बाहेरच्या कडेला कात्रीचे टोक दोन चकत्यांच्या मध्ये सरकवून सगळे वेढे गोल कापायचे. या वेळी चकत्या हातात घट्ट धरायच्या, कारण कापलेले धागे आता केवळ त्या पकडीवर थांबलेले असतात. दोन चकत्यांच्या फटीतून दोरा घालून कमरेवर आवळून बांधायचा आणि त्यानंतरच पुठ्ठे काढायचे. हाताने घोळला की गोल गोंडा फुलतो. शेवटी कात्रीने न्हाव्यासारखा भादरायचा.

चिंध्यांची लोंबती फुमती वेगळ्या रीतीने होतात. फुमते हा शब्द इथला, गुजरातीतून आमच्या बोलण्यात आलेला. कापडाची हातभर पट्टी घ्यायची, वरची दोन बोटे कड अखंड ठेवायची आणि खालच्या बाजूला बारीक बारीक काप द्यायचे. मग अखंड कडेकडून पट्टी घट्ट गुंडाळायची, मानेपाशी दोरा फिरवायचा. जॉर्जेटचे काप धागे सोडतात, पण फुमत्याला ते शोभते. काठाच्या जरीचे काप मात्र ताठ उभे राहतात. ते आत घ्यावेत, म्हणजे फुमत्याला अंग येते.

वहिनी लवकर शिकली. तिचा हात कात्रीला सरावलेलाच होता. तिला बांधणे मात्र जमेना. तिच्या बोटांच्या पेरांना सतत धागे कापून घट्टे पडले होते आणि बारीक दोरा त्यांवरून निसटत असे.

तिचे यजमान, ज्यांना मी भाऊ म्हणते, बाजूच्या खाटेवर पडून हे पाहत होते. त्यांनी तीस वर्षे माग चालवले. मागांच्या खडखडाटाने कान जड झाले आहेत, त्यामुळे घरातही ते गिरणीत बोलावे तसे बोलतात.

“आण इकडे,” ते म्हणाले. गल्लीतल्या दोन कुत्र्यांनी मान वर केली असावी. “गाठ मारायची ना? आयुष्यभर दुसरं केलं काय मी?”

मागावर तार, म्हणजे धागा, तुटला की तो जोडायचा असतो. कारागीर दोन टोके बोटांत धरतो, अंगठा एकदा फिरतो आणि गाठ पडलेली असते; पाहणाऱ्याला कळतही नाही. ती गाठ बारीक हवी, नाहीतर मागाच्या फणीत अडकते. म्हणून उरलेली टोके लगेच अगदी मुळाशी कापून टाकतात. भाऊंचे हात अजून तसेच चालत होते. मी दिलेला सुती दोरा त्यांनी दोन बोटांत धरून पाहिला आणि बाजूला ठेवला.

“बाई, हा कच्चा आहे. माझ्याकडे शंकूवरचा तार आहे. पॉलिएस्टर. बैल जुंपला तरी तुटणार नाही.”

मी हरकत घेतली नाही. दोरा मजबूत होता, हे खरेच होते. वहिनी गुंडाळायची, मी कापायची आणि भाऊ बांधायचे. चार दुपारी आम्ही तिघांनी अशा काढल्या. पिवळे, राणी, हिरवे गोंडे परडीत पडत होते. एकाही गोंड्यातून दोऱ्याचे टोक डोकावत नव्हते. मुलांच्या गोंड्यांतून नेहमी दोन शेंड्या लोंबत. हे मात्र चेंडूसारखे स्वच्छ. मी म्हणाले, “भाऊ, शाळेत असता तर तुम्हाला पैकीच्या पैकी दिले असते.”

“ऐकलं का?” ते पत्नीला म्हणाले. “पैकीच्या पैकी.”

“ऐकलं. लिंबायतने ऐकलं,” वहिनी म्हणाली.

त्या कौतुकात माझीही एक चूक होती, ती इथेच नोंदवते. शाळेत मी प्रत्येक तासाला सांगत असे की गोंडा झाला की त्याचे पाच धागे चिमटीत धरून ओढून पाहावेत. हाती आले तर गाठ सैल. भाऊंच्या गोंड्यांची ही परीक्षा मी घेतली नाही. टापटीप पाहून गुण दिले.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही गोंडे सुईने मधोमध ओवले, दर चार गोंड्यांमागे एक फुमते सोडले आणि माळ मखराच्या लाकडी चौकटीवर चढवली. मखर अजून रिकामेच होते. तरी वहिनी दारापर्यंत मागे जाऊन, थोरल्या जाऊबाई जिथे उभ्या राहतील तिथून पाहून आली.

शनिवारी सकाळी तिने मला हाक मारली नाही. नुसती दारात येऊन उभी राहिली. मी तिच्यामागे गेले. पंखा रात्रभर चालू होता. मखराखालच्या फरशीवर पिवळ्या, राणी, हिरव्या लोकरीचे बारीक तुकडे पसरले होते आणि पंख्याच्या वाऱ्याने ते खाटेखाली सरकत होते. माळेवर दहा-बारा ठिकाणी गोंड्याच्या जागी नुसता दोरा होता. काही गोंड्यांचे अर्धे अंग गळले होते.

“जाऊबाई संध्याकाळच्या गाडीने येतात,” वहिनी म्हणाली. एवढेच.

भाऊ खाटेवरून उठले. “माझी गाठ सुटणार नाही. मागावर कधी सुटली नाही.”

मी माळेवरचा एक धड दिसणारा गोंडा धरला आणि पाच धागे ओढले. पाचच नव्हे, मूठभर आले. पुन्हा ओढले, तेव्हा सगळी लोकर माझ्या हातात आली आणि पॉलिएस्टरचा एक छोटा गोल माझ्या तळहातावर राहिला. भाऊंनी तो उचलला, चष्मा लावून उजेडाकडे धरला.

“बघा. गाठ शाबूत आहे. सुटलीच नाही.”

“गाठ शे,” वहिनी म्हणाली, “गोंडा कोठे शे?”

मला हसू आले, आणि ते आवरले नाही हे बरे झाले. कारण वहिनीही हसली आणि मग भाऊ. हसणे संपल्यावर मी तो छोटा गोल पुन्हा हातात घेतला. खरेच, गाठ जशीच्या तशी होती. चूक तिच्या ताकदीत नव्हती.

“भाऊ,” मी म्हणाले, “मागावरची गाठ काय करते?”

“दोन टोकं जोडते.”

“आवळते का?”

“आवळायचं कशाला? तार मागावर ताणलेलाच असतो.”

“इथे ताणणारं कोणी नाही. दोनशे धाग्यांची मोळी आहे आणि ती बाहेर फुलू पाहते. तिला गाठ नको, आवळण हवी. तुमची गाठ पडते तेव्हा मोळीभोवती दोऱ्याचा सैल वळसा राहून जातो. त्यात दोरा गुळगुळीत, लोकर गुळगुळीत. आणि आपण मधून सुई घातली, तेव्हा ती आणखी ढिली झाली.”

खिडकीजवळ जाऊन भाऊंनी तो गोल दोन बोटांत फिरवला. तीस वर्षांची गाठ एका सकाळी चुकीची ठरवणे सोपे नव्हते; आणि ती चुकीची नव्हतीच, हे मला त्यांना सांगायचे होते. पण ते मला शब्दांत नीट मांडता आले नाही. शिक्षिकेलाही सगळे वेळेवर सुचते असे नाही.

“मग कशी मारायची?” त्यांनी शेवटी विचारले.

मी सुती दोरा काढला. साधी अढी, म्हणजे गाठीचा एक फेर, घालताना दोऱ्याचे टोक एकदा गुंडाळतात, आपण दोनदा गुंडाळायचे. दुहेरी पीळ पडला की अढी जागेवर धरून राहते आणि दुसरी अढी घालेपर्यंत सैल होत नाही. सुती दोऱ्याचे अंग खरखरीत असते, तो लोकरीत रुततो. टोके कापायची नाहीत; ती लांब ठेवायची, म्हणजे त्यांनीच गोंडा माळेला बांधता येतो आणि सुई मधून घालावी लागत नाही.

“म्हणजे शेंड्या ठेवायच्या,” भाऊ म्हणाले. त्यांना तेच जास्त जड गेले असावे.

जे गोंडे अजून धड होते, ते माळेतून काढून परडीत घेतले; ते नव्याने करण्याची गरज नव्हती. लोकर हलकेच दुभंगून जुन्या दोऱ्याची खाच शोधायची आणि त्याच खाचेत दुसरा दोरा आवळायचा. मी पहिला आवळला. वहिनीने दुसरा आवळायला घेतला आणि तिच्या घट्ट्यांवरून दोरा पुन्हा निसटला. माझ्या बोटांतही वयाने पूर्वीचा जोर उरलेला नाही. पाच गोंड्यांनंतर दोरा माझ्या बोटांत रुतू लागला. परडीत अजून तीस-पस्तीस होते.

भाऊ आमच्याकडे पाहत होते. त्यांनी दोऱ्याचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधले. दुसरे टोक गोंड्याच्या खाचेभोवती फिरवून, मी दाखवला तसा दुहेरी पीळ दिला, टोक मुठीत गुंडाळले आणि दोन पावले मागे सरकले. अंगाचा भार पडताच गोंड्याची कंबर इतकी आवळली की लोकर दोन्हीकडे ताठ उभी राहिली.

“ताणणारं कोणी नाही म्हणालात ना?” ते म्हणाले. “हा घ्या माग.”

दुसरी अढी वहिनीने घातली. तेवढा वेळ भाऊंनी ताण धरला. मग मी पाच धागे ओढून पाहिले. एकही आला नाही. त्यानंतर प्रत्येक गोंड्याची परीक्षा मी घेतली आणि प्रत्येक वेळी भाऊ विचारत, “पास?” दोन गोंडे मी नापास केले. ते त्यांनी मुकाट्याने परत गजापाशी नेले.

गळलेल्या लोकरीचे तुकडे बोटभरही नव्हते. त्यांचा गोंडा पुन्हा होणे नव्हते. वहिनीने ते झाडून एका वाटीत घेतले आणि विचारले, “बाई, हे टाकायचे?” मी चिंध्यांच्या फुमत्यांकडे पाहिले. गुंडाळताना डोक्यात ही लोकर भरली, तर फुमत्याची मान गुबगुबीत होईल. आम्ही तसे केले. बांधताना काही फुमत्यांच्या डोक्यातून पिवळा धागा बाहेर आला. तो आत ढकलला नाही, छान दिसत होता.

माळ आता हातभर आखूड झाली होती. उरलेली जागा वहिनीने दोन्ही टोकांना फुमत्यांचे झुपके लावून भरली. चमकीच्या कापडाच्या पट्ट्या तिने मेणबत्तीवरून भर्रकन फिरवल्या, म्हणजे कडा जळून बसतात आणि धागे निघत नाहीत. हे मी तिला शिकवलेले नव्हते. साड्यांचे काम करणाऱ्याला ते ठाऊक असते. दुपारचे जेवण आम्ही उभ्याउभ्याच केले.

संध्याकाळी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. थोरल्या जाऊबाई उतरल्या. हातात रोटाच्या गव्हाची पिशवी होती. ती त्यांनी दुसऱ्या कोणाला धरू दिली नाही. पाय धुतले, पाणी प्याल्या आणि मखरासमोर उभ्या राहिल्या, बरोबर त्याच जागी जिथे शुक्रवारी वहिनी उभी राहिली होती. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर हातात घेऊन थांबली.

जाऊबाईंनी हात वर करून राणी रंगाचा एक गोंडा धरला आणि ओढला. पाच धाग्यांनी नव्हे, अख्खा. माळ हलली, मखराची चौकट किंचित करकरली. गोंडा जागेवर राहिला.

“कोणी बांधी ही?” त्यांनी विचारले.

“आम्हीच,” वहिनी म्हणाली. “घरच्या घरी. बाईंनी शिकवलं.”

“हाई?” त्यांनी फुमते तळहातावर घेतले. त्याच्या डोक्यातून निघालेला पिवळा धागा त्यांनी बोटाने आत सारला. तो पुन्हा बाहेर आला. “चिंध्या शेतस ना?”

“चिंध्याच. मी कापते त्या साड्यांच्या.”

जाऊबाईंनी मान हलवली. त्या मानेत नापसंती नव्हती, एवढे मी खात्रीने सांगू शकते. आमच्या पेशात मानांचे पुष्कळ प्रकार पाहावे लागतात. “आते चहा टाक,” त्या म्हणाल्या. “मंग रोटना गहू निवडू.” आणि त्या मखरासमोरच, खाली, माळेकडे तोंड करून बसल्या.

रविवारी कानबाई बसली. घरात रोटाचा वास भरला होता, आणि गल्लीतली प्रत्येक बाई दर्शन घेताना माळेला एकदा हात लावत होती. एकही धागा गळला नाही. भाऊ दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, “शेंड्या ठेवाव्या लागतात. कापायच्या नसतात.” ज्यांना काहीच विचारायचे नव्हते त्यांनाही सांगत होते.

सोमवारी निरोप देताना माळ आम्ही उतरवून घेतली होती. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिएस्टर नदीत सोडायचे नसते, हे मी आधीच सांगून ठेवले होते. देवीला घेऊन सगळे तापीकडे गेले. जाऊबाईंचे गावही तापीच्याच काठी आहे, बरेच वर, पूर्वेला. परत आल्यावर त्या म्हणाल्या की पुढच्या वर्षी छप्पर पूर्ण होईल, देवी गावीच बसेल, तर माळ त्या आताच बरोबर नेतील.

वहिनीचा चेहरा मी पाहिला. ती नाही म्हणाली नसती. वीस वर्षांत तिने कशालाच नाही म्हटले नव्हते. पण माळ घडी करायला घेताना तिचा हात मंद झाला होता.

जाऊबाईंनी ते पाहिले असावे. “अर्धी दे,” त्या म्हणाल्या. “अर्धी तुनाजोडे राहू दे. पुढला साले गावले येशी, तवय तुनी अर्धी ली ये.”

भाऊंनी माळेचा मुख्य दोरा मधोमध धरला, दोन्हीकडचे गोंडे सरकवून जागा केली आणि कात्री लावली. दोरा कापल्यावर सवयीने कात्री सुट्या टोकाच्या मुळाशीही गेली होती. ती त्यांनी तिथून मागे घेतली आणि दोन्ही बाजूंना वीतभर दोरा सोडला.

“पुढच्या वर्षी जोडायची,” त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, “तेव्हा गाठ कुठली?”

“तुमची,” मी म्हणाले. “दोन टोकं जोडायला तीच.”

त्यांनी पत्नीकडे पाहिले. तिने ऐकले आहे की नाही, एवढीच खात्री करायची होती. वहिनी आपली अर्धी माळ जुन्या साडीच्या खोक्यात ठेवत होती आणि लांब सोडलेले टोक आत न जाता बाहेरच राहील, अशा बेताने झाकण लावत होती.